एकच कारखाना, सहा साहेब

कारखान्यात नवा एअर कॉम्प्रेसर येतो तेव्हा ऑर्डरवर सही परचेस मॅनेजरची असते, पण तो कॉम्प्रेसर त्याने एकट्याने घेतलेला नसतो. तिसऱ्या शिफ्टला हवेचा दाब कमी पडतो, ही तक्रार आधी युटिलिटीच्या इंजिनिअरने केलेली असते. मेंटेनन्स मॅनेजरने गरज कागदावर मांडलेली असते, प्लांट हेडने बजेटमध्ये जागा केलेली असते, फायनान्सने पैसे किती वर्षांत वसूल होतील ते तपासलेलं असतं. कंपनीचे चार-पाच प्लांट असतील तर हेड ऑफिसच्या परचेसचाही शब्द असतो. फ्रेडरिक वेब्स्टर आणि योराम विंड या दोन अभ्यासकांनी १९७२ मध्ये कंपन्यांच्या खरेदीवर पुस्तक लिहिलं, त्यात अशा मंडळींच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या होत्या: वस्तू वापरणारे, मत घडवणारे, निर्णय घेणारे, प्रत्यक्ष खरेदी करणारे, आणि कोणती माहिती किंवा कोणता माणूस आत पोचू द्यायचा हे ठरवणारे. एकाच माणसाकडे दोन भूमिका असू शकतात आणि एकाच भूमिकेत तीन माणसं असू शकतात.

म्हणून विकणाऱ्यालाही एकाच माणसाशी ओळख ठेवून भागत नाही. तो माणूस बदलीवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, की वर्षभराची मेहनत त्याच्यासोबत जाते. हे सगळ्या विक्रेत्यांना माहीत असतं आणि म्हणूनच ते एका कारखान्यात पाच-सहा जणांशी बोलायला जातात. खरी अडचण तिथून सुरू होते, कारण विकणाऱ्यांच्या बाजूनेही माणूस एकटा नसतो. सर्व्हिस इंजिनिअर दर महिन्याला फिल्टर बदलायला जातो, एरिया इंजिनिअर नव्या मशीनचं बोलतो, गावातला डीलर सुटे भाग पुरवतो आणि मोठ्या ग्राहकांचं खातं सांभाळणारा अधिकारी थेट हेड ऑफिसमध्ये बसतो. चार तोंडं आणि सहा कान, म्हणजे एकच गोष्ट किती प्रकारे ऐकू जाऊ शकते याचा हिशेब करा.

उदाहरण म्हणून चाकणमधला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. हेड ऑफिस गुरुग्रामला. कारखान्यात ११० किलोवॅटचे तीन स्क्रू कॉम्प्रेसर, प्रत्येकी साधारण ६८० सीएफएम हवा देणारे. दोन चालू, एक राखीव. अलीकडे तिसराही चालवावा लागतो. विकणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर रविवारी, उत्पादन बंद असताना, गळतीची टेस्ट करतो. ही टेस्ट सोपी आहे. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नसताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. दाब वरच्या मर्यादेला पोचला की कॉम्प्रेसर हवा भरणं थांबवतो, म्हणजे अनलोड होतो. कोणी हवा वापरत नाही, तरी पाइपांच्या सांध्यांतून, होजमधून, व्हॉल्व्हमधून ती निसटते. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा लोड होतो. हातात घड्याळ धरून दोन्ही वेळा मोजायच्या. समजा, तो दीड मिनिट लोड राहिला आणि साडेचार मिनिटं अनलोड. सहा मिनिटांतली दीड मिनिटं, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा फक्त गळतीत जाते.

आता याचे पैसे किती? सर्व्हिस इंजिनिअर तिथेच उभ्याने हिशेब करतो. ११० किलोवॅटचा पाव भाग साडेसत्तावीस किलोवॅट, वर्षाचे ७,००० तास, युनिटला नऊ रुपये धरले तर वर्षाला सतरा लाखांहून थोडे जास्त. युटिलिटीच्या इंजिनिअरला तो सांगतो, ‘वर्षाला सतरा लाख वाचतील.’ दोन दिवसांनी एरिया इंजिनिअर मेंटेनन्स मॅनेजरला भेटतो आणि म्हणतो, ‘सात लाखांची बचत धरा.’ दोघेही खोटं बोलत नाहीत. पहिल्याने गळती शून्यावर येईल असं धरलंय. दुसऱ्याला माहीत आहे की चांगल्या देखभालीच्या कारखान्यातही पाच-दहा टक्के गळती राहतेच, म्हणून त्याने २५ टक्क्यांवरून दहापर्यंत, एवढाच फरक मोजला. शिवाय जुना कॉम्प्रेसर अनलोड असतानाही पूर्ण लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज खातच राहतो, त्यामुळे हवा वाचली तरी वीज तितकी वाचत नाही. तेही त्याने वजा केलं. मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा, म्हणजे व्हीएफडी असलेला कॉम्प्रेसर घेतला, तर तीच बचत दहा लाखांच्या घरात जाते.

सतरा, सात आणि दहा. हे तिन्ही आकडे आपापल्या अटींसह खरे आहेत, पण कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये अटी पोचत नाहीत, आकडेच पोचतात. युटिलिटीचा इंजिनिअर जेवताना आपल्या मॅनेजरला सतरा सांगतो, मॅनेजरने वरच्या साहेबांसाठी केलेल्या नोटमध्ये सात लिहिलेलं असतं. त्याला वाटतं, हे लोक माणूस बघून आकडा सांगतात. मग तो फोन उचलायचा बंद होतो, आणि विकणाऱ्याला कारण कधीच कळत नाही.

माझ्या मते समोरच्यांचा गोंधळ निरोपांच्या संख्येमुळे फारसा होत नाही. त्याच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात. एक, आकडे जुळत नाहीत. दोन, ‘तुमची माणसं दुसऱ्या खात्यातही येऊन गेली’ हे समोरच्याला तिसऱ्याच माणसाकडून कळतं. या दोन्हींची काळजी घेतली तर सहा जणांशी बोलूनही कोणी वैतागत नाही.

आकड्यांची काळजी घ्यायची तर पहिली भेट ठरवण्याआधी विकणाऱ्यांच्या चौघांनी मिळून एक पानाचा कागद करावा. चाकणच्या उदाहरणात त्यावर काय असेल? टेस्टची तारीख, लोड-अनलोडच्या वेळा, २५ टक्के गळती. बचत: गळती दहा टक्क्यांवर आणली तर जुन्याच कॉम्प्रेसरवर वर्षाला सुमारे सात लाख, व्हीएफडी असेल तर सुमारे दहा लाख, तास ७,००० आणि दर नऊ रुपये धरून. आमची सूचना: आधी गळती दुरुस्ती, मग एक ११० किलोवॅटचा व्हीएफडी. किंमत: अजून कोणालाही दिलेली नाही. खाली आवृत्ती आणि तारीख. या कागदातलं कोणासमोर किती उलगडायचं, ते माणसागणिक बदलेल. युटिलिटीच्या इंजिनिअरला कोणत्या लाइनवर गळती जास्त आहे ते हवं असतं, फायनान्सला वसुलीची मुदत हवी असते, प्लांट हेडला जाणून घ्यायचं असतं की मशीन बदलताना उत्पादन किती तास थांबेल. पण सात आणि दहा हे आकडे कोणासमोरही बदलायचे नाहीत. नवी मोजणी झाली तर कागद बदलायचा आणि ज्यांना जुना दिला होता त्या सगळ्यांना नवा द्यायचा.

दुसरी काळजी जास्त नाजूक असते, कारण ती माणसांच्या मानाशी निगडित आहे. कारखान्यात खालून वर जाताना प्रत्येक पायरीवरच्या माणसाला विचारूनच पुढे जावं, असं मी ठामपणे सांगेन. टेस्टनंतर एरिया इंजिनिअरने मेंटेनन्स मॅनेजरला पाठवायचा निरोप साधारण असा असावा:

‘नमस्कार सर. रविवारी आपल्या युटिलिटी टीमसोबत गळतीची टेस्ट झाली. आकडे सोबत जोडलेत. तुम्ही बघितल्याशिवाय हे आम्ही कोणालाही देणार नाही. परचेसच्या साहेबांना एवढंच कळवू का, की टेक्निकल बोलणं तुमच्याकडे सुरू आहे? किमतीचं काही बोलणार नाही.’

होकार आला की परचेसला:

‘नमस्कार सर. मेंटेनन्सच्या साहेबांना विचारून हे कळवतोय. आपल्या प्लांटमध्ये हवेच्या गळतीची टेस्ट केली आहे. सध्या बोलणं फक्त टेक्निकल आहे, कोटेशन कोणालाही दिलेलं नाही. किमतीचं बोलणं होईल ते तुमच्याशीच, आणि आमच्याकडून ते मीच करेन.’

दुसऱ्या निरोपातलं शेवटचं वाक्य परचेसवाल्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याची भीती अशी असते की टेक्निकलवाल्यांनी आतल्या आत मशीन पक्कं करून टाकलंय आणि आपल्याला फक्त सही करायची आहे. दर कमी करून घ्यायची त्याची ताकद तिथेच जाते. त्याला सुरुवातीलाच, किंमत नसताना भेटलं, तर ही भीती बरीच कमी होते. बहुतेक विक्रेते त्याच्याकडे शेवटी जातात आणि मग तो अडवतो म्हणून तक्रार करतात.

मेलमध्ये सीसी करताना फार जपावं. आपल्याकडच्या ऑफिसांत एखाद्याला मेल लिहून त्याच्या साहेबांना सीसी केलं, की ती सरळ तक्रार समजली जाते. प्लांट हेडला माहिती द्यायचीच असेल तर मेंटेनन्स मॅनेजरला म्हणावं, ‘सर, हे तुम्ही पुढे पाठवता, की आपण दोघं मिळून भेटू?’ बहुतेक वेळा तोच मीटिंग लावतो, कारण बचत त्याने शोधली असं दिसायला त्यालाही आवडतं. आणि ते खरंच असतं, टेस्टला परवानगी त्यानेच दिलेली असते. एकच मेल फक्त नाव बदलून चौघांना एकाच दिवशी पाठवणं तर अजिबात करू नये. चौघं एकाच मजल्यावर बसतात, संध्याकाळपर्यंत कोणीतरी ‘मलाही हेच आलंय’ म्हणतो.

एका खात्यात ऐकलेलं दुसऱ्या खात्यात न्यायचं नाही, हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. मेंटेनन्सवाला सहज बोलून जातो, ‘तुमच्या स्पर्धकाचा दर अमुक आलाय, पण परचेसला त्यांचीच घाई आहे.’ हे परचेससमोर सूचकपणेही आलं, तरी हे कोणी फोडलं ते त्याला क्षणात कळतं आणि आपला मित्र अडचणीत येतो. कागदावर नोंद करतानाही असं वाक्य लिहू नये. नोंदवह्या फॉरवर्ड होतात.

नोंदवहीवर आता जरा थांबू, कारण सहकाऱ्यांची एकमेकांशी होणारी टक्कर तिथेच टळते. महागडं सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नसेल तर सगळ्यांना उघडता येईल अशी एक एक्सेल शीट पुरते. प्रत्येक माणसामागे एक ओळ: त्याचं खातं, आपल्याकडून त्याच्याशी कोण बोलतो, शेवटचं काय बोलणं झालं, त्याला काय शब्द दिला, पुढचं पाऊल कोणाचं आणि कोणत्या तारखेला. चाकणच्या शीटमधल्या दोन ओळी अशा दिसतील. ‘मेंटेनन्स मॅनेजर, बोलणार एरिया इंजिनिअर, आवृत्ती दोनचा कागद दिला, मशीन बदलायला किती तास लागतील ते शुक्रवारपर्यंत सांगायचं, माहिती सर्व्हिसने काढायची.’ आणि दुसरी: ‘गुरुग्राम परचेस, बोलणार मोठ्या खात्यांचे साहेब, चाकणमध्ये टेस्ट झाल्याचं सांगितलं, किंमत नाही, चाकणच्या प्लांट हेडच्या मीटिंगआधी फोन करायचा.’ फोन लावण्यापूर्वी ही ओळ वाचायची आणि फोन ठेवल्यावर, त्याच दिवशी, नवी ओळ लिहायची. सर्व्हिस इंजिनिअर मशीनशेजारी उभा असतो, त्याच्याकडून शीट भरली जाणार नाही. त्याने व्हॉइस मेसेज टाकावा आणि एरिया इंजिनिअरने लिहून घ्यावं, हे जास्त चालतं.

या सगळ्यावर एक जण प्रमुख लागतो. चाकणमध्ये तो एरिया इंजिनिअर आहे. इतरांनी भेटायचं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. सर्व्हिस इंजिनिअर युटिलिटीला रोज भेटेल, गुरुग्रामचं खातं त्याच्यापेक्षा ज्येष्ठ साहेबच सांभाळतील. पण किंमत, मुदत आणि वॉरंटी या तीन गोष्टींवर शब्द देण्याआधी सगळ्यांनी त्याला विचारायचं, साहेबांनीसुद्धा. ज्येष्ठांना हे पटवणं अवघड जातं, म्हणून ते कंपनीच्या सेल्स हेडने सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं.

तसं झालं नाही तर काय होतं? गुरुग्रामचे साहेब वार्षिक दराच्या बोलण्यात ओघात १३२ किलोवॅटच्या साध्या, व्हीएफडी नसलेल्या मशीनचा सवलतीचा दर देऊन बसतात. भोसरीचा डीलर, त्याच्याकडे सुटे भाग घेणाऱ्या स्टोअरच्या माणसाने विचारलं म्हणून, ११० व्हीएफडीचं कोटेशन आपल्या लेटरहेडवर पाठवतो. एरिया इंजिनिअर त्याच मशीनचं कोटेशन कंपनीच्या लेटरहेडवर देतो. परचेसच्या टेबलावर आता एकाच कंपनीची तीन कोटेशनं असतात. तो सगळ्यात खालच्या दरावर बोट ठेवून म्हणतो, ‘इथून बोलायला सुरुवात करू.’ यात त्याची काही चूक नाही.

कारखान्याने काढलेल्या चौकशीपत्रात १३२ किलोवॅट लिहून आलं आणि आपण तर चाकणमध्ये ११० व्हीएफडी सुचवला होता, असं दिसलं की समजावं, आपल्याच कुणाचा दुसरा प्रस्ताव आत फिरतोय. ही खूण मी सगळ्यात विश्वासाची मानतो. ‘नक्की कोणाशी बोलायचं तुमच्याकडे?’ हा प्रश्न आला, तर उशीर झालाय असंच धरावं. अशा वेळी आधी चौघांनी एकमेकांना फोन करावा आणि त्या दिवसापुरतं ग्राहकाशी कोणीही बोलू नये. कोणी कोणाला काय दिलं ते जमवावं. मग प्रमुखाने एकट्याने परचेसला भेटून सांगावं की आमच्याकडून तीन कागद आले, त्यातले दोन आम्ही मागे घेतोय, हा एकच वैध आहे. मागे घेतल्याचं पत्र कोटेशन क्रमांकासह लेखी द्यावं. त्यानंतर मेंटेनन्स मॅनेजरला त्याच दिवशी कळवावं, कारण त्याच्या नोटमधला आकडा अडचणीत आलेला असतो. थोडी किंमत सोडावी लागेल. तिघांनी आपापली बाजू मांडत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

डीलरचा प्रश्न मात्र कोटेशन निघण्याआधीच सोडवावा लागतो, नंतर तो सुटत नाही. ज्याने चौकशी आधी नोंदवली त्याचं त्या कामावर काही काळ संरक्षण, असा नियम बऱ्याच कंपन्या ठेवतात. पण चाकणमध्ये डीलरचे संबंध स्टोअरशी, टेस्ट कंपनीच्या सर्व्हिसने केलेली, आणि दर गुरुग्रामच्या करारात अडकलेला. इथे नोंदीची तारीख बघून न्याय होत नाही. ऑर्डर थेट कंपनीकडे येणार असेल तर डीलरला सांगावं की मशीनचं बिल आमचं, पण बसवण्याचं काम आणि पुढचे सुटे भाग तुझे, आणि त्याबद्दल तुला इतका हिस्सा. हे बोलणं झाल्यावर त्याने स्टोअरच्या माणसाला स्वतःच फोन करून सांगावं, ‘कोटेशन कंपनीकडूनच येईल.’ डीलरला डावललं तर तो शांत बसत नाही. सुटे भाग वेळेवर न मिळाल्याचा अनुभव आधी कारखान्याला येतो, मग आपल्याला.

परचेसवाला कधी कधी स्पष्ट बजावतो: ‘यापुढे फक्त माझ्याशी बोलायचं.’ बरेच विक्रेते हे ऐकून हो म्हणतात आणि मागल्या दाराने मेंटेनन्सला फोन करत राहतात. ते उघडकीला येतंच. त्यापेक्षा तिथेच विचारावं, ‘किमतीचं तुमच्याशीच बोलू. फाउंडेशन आणि पाइपिंगचे प्रश्न मेंटेनन्सला विचारावे लागतील, तुम्हाला कळवून विचारले तर चालेल?’ यावर क्वचितच कोणी नाही म्हणतं. नाही म्हटलंच, तर प्रश्न लेखी द्यावेत आणि त्यांनीच उत्तरं मागवावीत. उशीर होतो, पण तो सोसावा. कंपनीने कागदोपत्री चौकशी काढल्यानंतर तर हाच रस्ता धरायला हवा. सर्व्हिसच्या नेहमीच्या कामापलीकडे दुसरीकडे फिरू नये.

सरकारी कंपनी किंवा महापालिका असेल तर याचं बरंचसं लागूच होत नाही. टेंडर निघण्यापूर्वी माहिती देणं, टेस्ट करून दाखवणं ठीक. टेंडर निघालं की प्रश्न प्री-बिड मीटिंगमध्ये किंवा टेंडरमध्ये दिलेल्या मार्गाने, लेखी, आणि उत्तर सगळ्या बोलीदारांना एकच. निविदा तपासल्या जात असताना आतल्या अधिकाऱ्यांना भेटून मत वळवायचा प्रयत्न केला तर बोली बाद होऊ शकते. अशा ठिकाणी शीटमधल्या प्रत्येक ओळीसमोर ‘निकालापर्यंत संपर्क नाही’ लिहावं, आणि महिन्याचे फिल्टर बदलायला जाणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरलाही निघण्यापूर्वी सांगावं, की कोणी टेंडरबद्दल विचारलं तर, ‘ते मला माहीत नाही, ऑफिसला लेखी विचारा,’ एवढंच बोलायचं.